धागा: सॉफ्टवेअरमध्ये बॅच संपत आली, खोक्यात मात्र ढीग. एक्सपायरीच्या क्रमाने माल काढायचा तरी कसा?

तालुका_मेडिकल | ८ डिसेंबर २०२५, रात्री १०:४०

तालुक्याच्या गावातलं छोटं मेडिकल. काउंटरवर आम्ही दोघं, एक मी आणि एक मुलगा. प्रश्न एकाच गोळीचा सांगतो, म्हणजे घोळ कळेल.

टेल्मिसार्टन ४०, पंधराची स्ट्रिप. दोन बॅच आहेत. एकीच्या नंबरात शेवटी १७ येतात, दुसरीच्या ४२, म्हणून तेच म्हणतो. १७ मे महिन्यात घेतली, तिची एक्सपायरी ०९/२०२६. ४२ ऑगस्टच्या मध्यावर घेतली, ४० वर ४ फ्री होत्या, आणि तिची एक्सपायरी ०४/२०२६. म्हणजे नंतर आलेला माल आधी संपणारा. ४२ आली तेव्हा १७ च्या २० स्ट्रिप शिल्लक होत्या. खप महिन्याला साधारण ६ स्ट्रिप.

आज मोजलं तर खोक्यात १७ च्या ८ आणि ४२ च्या ३४ निघाल्या. सॉफ्टवेअर म्हणतं १७ च्या २० आणि ४२ च्या २२. बेरीज दोन्हीकडे ४२ स्ट्रिपच, म्हणून आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही.

शिवाय मागच्या तिमाहीत एक्सपायरीच्या १९ स्ट्रिप स्टॉकिस्टकडे पाठवल्या होत्या, त्यातल्या ७ परत आल्या. ३ कापलेल्या म्हणून, ४ वर "बॅच आमची नाही" असं लिहून. आता या ४२ चं काय करू? आत्ताच परत पाठवू का?

---

जुनाहिशेब | ८ डिसेंबर, रात्री ११:१५

यात एवढं काय आहे? आधी आलेला माल पुढे, नंतर आलेला मागे. नवीन माल कायम मागून भरायचा. वाण्याच्या दुकानापासून हीच रीत आहे. सॉफ्टवेअरच्या नादी लागलात की असं होतं.

---

खलबत्ता | ९ डिसेंबर, सकाळी ७:०५

जुनाहिशेब, तुमच्याच रीतीने हा घोळ झालाय. नवीन मागे ठेवायची शिस्त बरोबर आहे, पण "नवीन" म्हणजे नंतर आलेला असं धरलं की फसतं. औषधात नंतर आलेली बॅच आधी मरणारी असू शकते. स्कीम लागलेल्या मालात तर हे बऱ्याचदा दिसतं, कारण स्टॉकिस्टला जे लवकर काढायचं असतं त्यालाच स्कीम लावतो.

आता तालुका_मेडिकल यांचा आकडा बघा. ऑगस्टपासून ६ च्या हिशेबाने २२ स्ट्रिप गेल्या. सॉफ्टवेअर आधी संपणारी बॅच आपोआप निवडतं, त्यामुळे सगळ्या २२ त्याने ४२ च्या नावावर फाडल्या, म्हणून तिथे ४४ च्या २२ राहिल्या. मुलाने मात्र खोक्यात हात घातला आणि पुढची स्ट्रिप काढली. पुढे १७ होती. त्याच्या हातून १७ च्या १२ आणि ४२ च्या १० गेल्या. २० मधून १२ गेल्यावर ८, ४४ मधून १० गेल्यावर ३४. तुमची मोजणी बिनचूक आहे.

म्हणजे १२ स्ट्रिप अशा, ज्यांच्या बिलावर ४२ आहे पण गिऱ्हाईकाच्या हातात १७ पडली. उद्या एखादी बॅच दर्जात नापास झाली आणि परत बोलावली, तर बिल बघून भलत्याच माणसाला फोन जाईल. पैशाच्या तोट्याहून मला हे जास्त खुपतं.

आधी पुढची खोडी बंद करा. एका औषधाच्या दोन बॅच एकाच खोक्यात असतील तर प्रत्येक बॅचला वेगळं रबर लावा, एका रबरात दोन बॅच कधी नकोत. आधी संपणारी पुढे आणि उभी, नंतरची मागे आणि आडवी. खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीने पुढच्या बॅचची एक्सपायरी, तुमच्या बाबतीत "४-२६". स्ट्रिपवर काहीही लिहायचं नाही, त्याचं कारण स्टॉकिस्टकडची मंडळी सांगतील.

मुलाला एकच सवय लावा. बिल छापायच्या आधी पडद्यावरचे बॅचचे शेवटचे दोन आकडे आणि हातातल्या स्ट्रिपवरचे दोन आकडे जुळतात का बघायचं. अख्खा बॅच नंबर कुणी वाचत नाही, दोन आकडे वाचतं. जुळले नाहीत तर आधी खोक्यात बघ, पुढची बॅच खरंच संपली असेल तरच बिलावरची बॅच बदल.

---

अनु_पुणे | ९ डिसेंबर, सकाळी ९:३०

विषय निघालाच आहे तर विचारते. आईच्या बीपीच्या गोळ्या बदलल्या, जुन्यांच्या तीन अख्ख्या स्ट्रिप उरल्यात, एक्सपायरी पुढच्या वर्षीची आहे. दुकानदार परत घेत नाही म्हणाला. तुम्ही लोक स्टॉकिस्टला परत देता, मग आम्हाला का नाही?

---

खलबत्ता | ९ डिसेंबर, सकाळी ९:५०

ताई, धागा वेगळ्या परतीचा आहे, पण थोडक्यात सांगतो. आम्ही परत देतो तो माल कंपनीकडे नाश करायला जातो. तुम्ही परत दिलेली स्ट्रिप दुकानदाराला पुन्हा रॅकमध्ये लावावी लागेल, आणि मधले दोन महिने ती फ्रिजवर होती की गाडीच्या डिकीत, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून नाही म्हणतात. पुढच्या वेळी बदल व्हायची शक्यता असेल तर पंधरा दिवसांच्याच घ्या.

---

धन्वंतरी९ | ९ डिसेंबर, दुपारी १:२०

मूळ प्रश्नाकडे येतो. ०४/२०२६ म्हणजे १ एप्रिलला माल मेला. एप्रिल उजाडायच्या आत दुकानातून बाहेर काढा, एक्सपायर झालेली एक स्ट्रिप जरी दुकानात सापडली तरी औषध निरीक्षक सोडत नाही. स्टॉकिस्ट घेत नसेल तर फोडून टाकून द्या आणि मोकळे व्हा.

---

खलबत्ता | ९ डिसेंबर, दुपारी २:१०

दोन्ही गोष्टी अर्ध्याच बरोबर आहेत.

स्ट्रिपवर महिना आणि वर्षच छापलं असेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. ०४/२०२६ म्हणजे ३० एप्रिल २०२६ पर्यंत चालते.

मुदत संपलेला माल विकणं आणि विक्रीच्या मालात ठेवणं बंद, हे खरं. पण औषध नियमावलीतल्या ६५(१७) ला पुढे एक परंतुक आहे. परतीची, भरपाईची किंवा नाशाची कारवाई कंपनीकडे किंवा तिच्या प्रतिनिधीकडे सुरू केली असेल, तर ती पूर्ण होईपर्यंत माल ठेवता येतो. अट अशी की तो विक्रीच्या मालापासून वेगळा हवा, खोक्यात हवा आणि खोक्याच्या वरच्या बाजूला "नॉट फॉर सेल" ठळक दिसलं पाहिजे. निरीक्षक पकडतो तो रॅकमध्ये चांगल्या मालात मिसळलेली स्ट्रिप. काउंटरखालच्या पिशवीत कोंबलेलाही पकडतो, कारण पिशवीवर काही लिहिलेलं नसतं आणि परतीचं चलान दाखवता येत नाही. चलानाची एक प्रत खोक्यातच ठेवायची.

पण ३० एप्रिलपर्यंत चालते म्हणजे ३० एप्रिलपर्यंत विकायची, असं नाही. बीपीची गोळी घेणारा माणूस महिन्याच्या ३० गोळ्या म्हणजे दोन स्ट्रिप नेतो. त्याची शेवटची गोळीसुद्धा मुदतीत गिळली गेली पाहिजे. म्हणून ४२ ची महिन्याच्या गिऱ्हाईकाला विक्री ३१ मार्चला थांबवायची. तीन महिन्यांचं एकदम नेणारा फेब्रुवारीत आला तर त्याला ४२ द्यायचीच नाही, १७ द्यायची. आधी संपणारं आधी, या नियमाला एवढा एक अपवाद ठेवावाच लागतो, आणि तेव्हा बिलावर बॅच हाताने बदलावी लागते.

---

साखळीतला_दुवा | ९ डिसेंबर, संध्याकाळी ७:४५

मी स्टॉकिस्टकडे परतीचा माल बघतो, तेव्हा आमच्या बाजूचं सांगतो. शिव्या घालणार असाल तर आधीच घाला :)

परत आलेल्या सातांबद्दल. कापलेली स्ट्रिप बहुतेक कंपन्या मोजतच नाहीत. त्यातही कापलेल्या स्ट्रिपवर बॅच आणि एक्सपायरीचा छाप गेलेला असेल तर आम्हाला ती नोंदवतासुद्धा येत नाही. छाप बहुधा स्ट्रिपच्या एका टोकाला दाबलेला असतो. सुट्या गोळ्या देताना नेहमी त्याच्या विरुद्ध टोकाकडून कापा. मग राहिलेल्या तुकड्यावर छाप टिकतो आणि तुम्हाला तो शेवटच्या गोळीपर्यंत विकता तरी येतो. छाप कापला गेला की तो तुकडा त्याच दिवशी मेला असं समजा.

"बॅच आमची नाही" याचा अर्थ ती बॅच आम्ही तुम्हाला विकल्याची नोंद आमच्याकडे नाही. तुम्ही एकच गोळी दोन-तीन स्टॉकिस्टकडून घेता, आमच्याकडे माल नसला की शेजारच्या दुकानातून चार स्ट्रिप उसन्या आणता, आणि परतीच्या वेळी सगळं एका पिशवीत. आम्ही ते पुढे पाठवलं तर कंपनी आमच्या खरेदीशी बॅच जुळवते, आणि जुळलं नाही की आमच्या अंगावर येतं. परतीचं चलान स्टॉकिस्टप्रमाणे वेगळं करा. त्यात औषधाचं नाव, बॅच, एक्सपायरी, स्ट्रिपची संख्या आणि आमच्या ज्या बिलाने माल आला त्याचा नंबर व तारीख. बिल नंबर असलेलं चलान आमच्याकडे पाच मिनिटांत होतं, नसलेलं कोपऱ्यात पडतं. हे चांगलं नाही, पण असंच होतं.

स्ट्रिपवर पेनाने किंमत लिहिलेली, स्टिकर लावलेला किंवा फॉइलवर स्टेपलर मारलेला माल आमच्याकडून सुटला तरी पुढे अडकतो.

घ्यायची मुदत कंपनीगणिक वेगळी असते. आमच्याकडे बऱ्याच कंपन्यांचा माल एक्सपायरीच्या तीन महिने आधीपासून तीन महिने नंतरपर्यंत घेतात. त्यामुळे ४२ आत्ता डिसेंबरात पाठवली तर आम्ही "लवकर आहे" म्हणून परत पाठवू, आणि ऑगस्टात आणली तर "उशीर झाला" म्हणू. तुमच्या स्टॉकिस्टकडून कंपनीवार यादी लेखी मागून घ्या. तोंडी सांगितलेलं सेल्समन बदलला की बदलतं.

---

जुनाहिशेब | ९ डिसेंबर, रात्री ९:००

नंतर आलेला आधी मरू शकतो हा मुद्दा पटला. पण दुवा साहेब, ०४/२०२६ चा माल ऑगस्टात देताच कशाला? आठ महिन्यांचं आयुष्य राहिलेला माल स्कीमच्या मुलाम्याखाली खपवायचा आणि मग मुदतीची यादी दाखवायची.

---

साखळीतला_दुवा | ९ डिसेंबर, रात्री ९:२५

घेताना एक्सपायरी बघून घ्या, यापेक्षा प्रामाणिक उत्तर माझ्याकडे नाही. बिलावर ती छापलेली असते. माल उतरवला त्याच दिवशी फोन केला तर आम्ही बदलून देतो किंवा उचलतो. महिन्याने केला तर नाही.

---

खलबत्ता | ९ डिसेंबर, रात्री १०:१०

इथे दुवा बरोबर बोलतोय. घ्यायचा की नाही हे "किती महिने राहिले" एवढ्यावर ठरत नाही, आपला खप किती यावर ठरतं. ४२ दारात आली तेव्हाचं गणित मांडू. हातात २० होत्या, महिन्याला ६ जातात. ऑगस्टच्या मध्यापासून मार्चअखेर साडेसात महिने, म्हणजे ४५ स्ट्रिप. सगळी विक्री ४२ मधूनच केली असती तर ४४ बरोबर संपल्या असत्या आणि १७ च्या २० सप्टेंबर २६ पर्यंत आरामात थांबल्या असत्या. मधे दुसरा माल न घेता, अर्थात.

म्हणजे खरेदी अंगावर येईल इतकी मोठी होती, पण बुडणारी नव्हती. क्रम चुकला म्हणून बुडायला लागली. १७ च्या १२ उगाच गेल्या, तेवढ्याच ४२ च्या अडकल्या.

आता पुढचं. आज ३४ आहेत. ३१ जानेवारीपर्यंत पावणेदोन महिने, साधारण ११ जातील, २३ उरतील. फेब्रुवारी-मार्चसाठी १२ ठेवायच्या. उरलेल्या ११ फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, तीन महिन्यांची खिडकी उघडली की, परत. पूर्ण एक्सपायर व्हायची वाट बघायची नाही. १७ च्या ८ ला तोपर्यंत हात लावायचा नाही, फक्त तीन महिन्यांवाल्यांसाठी. नवीन ऑर्डर मार्चअखेरपर्यंत बंद.

---

तालुका_मेडिकल | १० डिसेंबर, सकाळी ८:००

गणित एकदम उघड झालं. मग सॉफ्टवेअरचं काय? फेब्रुवारीत त्याच्यात ४२ च्या २२ मधून ११ जाऊन ११ च दिसतील. मी ११ परत केल्या की तिथे शून्य. खोक्यात मात्र १२.

---

खलबत्ता | १० डिसेंबर, सकाळी ८:२०

नेमकं तेच होणार. आणि मग त्या १२ विकताना बिलावर १७ छापलं जाईल, म्हणजे पुन्हा पहिलंच. म्हणून आजच दुरुस्त करा. जुन्या बिलांना हात लावू नका, ती जशी गेली तशी गेली. स्टॉक ॲडजस्टमेंटमध्ये जाऊन आजच्या तारखेला १७ मधून १२ कमी करा आणि ४२ मध्ये १२ वाढवा. शेऱ्यात "प्रत्यक्ष मोजणीत बॅच अदलाबदल" लिहा. वहीतही एक ओळ: तारीख, दोन्ही बॅच, आधी किती, नंतर किती, सही. बेरीज बदलत नाही, त्यामुळे पैशाच्या हिशेबात काही हलत नाही.

पुढे सगळ्या दुकानाची मोजणी करत बसू नका. ज्या औषधांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन किंवा जास्त बॅच जिवंत आहेत तेवढ्यांची यादी काढा. एकच बॅच असेल तिथे हा घोळ कमी सापडतो, फक्त आधीची बॅच नुकतीच शून्यावर आली असेल तर खोक्यात एकदा बघा. छोट्या दुकानात ही यादी एका रविवारच्या दुपारात संपते.

---

म्हापशाचा_दर्या | १० डिसेंबर, सकाळी ११:४०

क्यूआर कोडचा उपाय कुणी सांगितला नाही. ऑगस्ट २०२३ पासून कोड आलेत, त्यात बॅच आणि एक्सपायरी दोन्ही असतात. स्कॅनर मारा, हातातलीच बॅच बिलावर येईल. दोन आकडे जुळवत बसायला नको.

---

खलबत्ता | १० डिसेंबर, दुपारी १२:०५

कल्पना चांगली आहे, पण ती सक्ती ठरावीक ३०० ब्रँडपुरती आहे, आणि कोड स्ट्रिपवर नसून बाहेरच्या खोक्यावर असला तर स्ट्रिप सुटी झाली की कोड गेला. शिवाय बिलिंगच्या सॉफ्टवेअरला तो कोड उलगडता आला पाहिजे. मोबाइलने स्कॅन करून पुसट छाप ताडून बघायला मात्र झकास.

---

म्हापशाचा_दर्या | १० डिसेंबर, दुपारी १२:३०

हो, खोक्यावरचा मुद्दा बरोबर. आमच्याकडे जास्त डोकेदुखी फ्रिजची आहे. इन्सुलिनची पेनं सगळी सारखी दिसतात आणि दार उघडं ठेवून कुणी एक्सपायरी वाचत नाही. ती परत घेतात का?

---

साखळीतला_दुवा | १० डिसेंबर, दुपारी १:१५

फ्रिजमधला माल आमच्याकडे सहसा परत घेत नाहीत. तापमान सलग राखलं होतं हे कागदावर दाखवता येत नाही. तो दोन-तीन आठवड्यांच्या खपाइतकाच मागवा. फ्रिजच्या दारावर बाहेरून कागद चिकटवा, आतल्या प्रत्येक खोक्याची एक्सपायरी त्यावर. म्हणजे दार उघडायच्या आधीच ठरलेलं असतं की डाव्या हाताचं खोकं काढायचं.

---

तालुका_मेडिकल | १० डिसेंबर, रात्री ९:१०

ॲडजस्टमेंट केली. आता ११ स्ट्रिपचे पैसे किती यायला हवेत? पीटीआर, म्हणजे दुकानदाराचा खरेदीदर, ७५ आहे, तर ८२५ आणि जीएसटी?

---

ताळेबंद | १० डिसेंबर, रात्री १०:००

मेडिकलवाल्यांचे हिशेब लिहितो, म्हणून इथे तोंड घालतो.

८२५ येणार नाहीत. तुम्ही १० च्या पैशात ११ घेतल्या आहेत. ११ स्ट्रिपना ७५० मोजलेत, म्हणजे स्ट्रिप ६८ रुपये १८ पैशांना पडली. स्टॉकिस्ट निव्वळ दराने धरेल आणि ११ चे ७५० देईल. हे न्याय्यच आहे, फुकट मिळालेल्या स्ट्रिपचे पैसे मागता येत नाहीत. पण काही ठिकाणी स्कीम न लागलेल्या मालालाही सरसकट स्कीमचा दर लावून कापतात. म्हणून मूळ बिल काढून ठेवा.

आता कर. माल ऑगस्टात आला, तेव्हा औषधांवर १२ टक्के होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधं ५ टक्क्यांवर आली. क्रेडिट नोट जुन्या बिलावर असते, तेव्हा दरही जुनाच, १२. म्हणजे ७५० वर ९०, एकूण ८४० ची क्रेडिट नोट. त्यातले ९० तुम्ही क्रेडिट म्हणून आधीच घेतलेत, ते उलटवायचे. नोट ५ टक्क्यांनी आली तर जागच्या जागी परत करा, नाहीतर वर्षअखेरीला ताळा बसत नाही.

---

तालुका_मेडिकल | १० डिसेंबर, रात्री १०:२०

आणि त्या परत आलेल्या चार स्ट्रिप? त्या फेब्रुवारी २०२५ च्या दुसऱ्या एका स्टॉकिस्टच्या बिलाच्या निघाल्या.

---

ताळेबंद | १० डिसेंबर, रात्री १०:४५

म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५. त्या वर्षाच्या बिलांवर करासह क्रेडिट नोटचा फायदा स्टॉकिस्टला ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंतच घेता येत होता. दहा दिवसांपूर्वी तारीख गेली. आता तो फार तर कर न धरता साधी क्रेडिट नोट देईल. अशा वेळी आपल्या क्रेडिटचं नक्की काय करायचं यावर माझ्याच ओळखीच्या दोन सीएंची दोन मतं आहेत, त्यामुळे मी इथे छातीठोक सांगत नाही, तुमच्या सीएला विचारा. दुसरी वाट अशी की तुम्हीच नवीन विक्रीसारखं टॅक्स इनव्हॉइस करून माल परत द्यायचा. २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या जीएसटी परिपत्रकात दोन्ही वाटा दिलेल्या आहेत. जीएसटीच्या कॉम्पोझिशन योजनेत असाल तर इनव्हॉइसऐवजी बिल ऑफ सप्लाय.

सवय म्हणून सांगतो, दर ऑक्टोबरात मागच्या आर्थिक वर्षाच्या खरेदीतला जिवंत माल काढून त्याची एक्सपायरी बघा. नोव्हेंबर उलटला की तोच माल परत करणं महाग पडतं.

---

जुनाहिशेब | ११ डिसेंबर, सकाळी ७:३०

आणि क्रेडिट नोट सहा-सहा महिने आलीच नाही तर? मी सरळ पुढच्या बिलाच्या पैशातून कापून घेतो. डेबिट नोट फाडायची आणि उरलेला चेक द्यायचा.

---

साखळीतला_दुवा | ११ डिसेंबर, सकाळी ८:१५

तसं केलंत की आमच्या खात्यात तुमची उधारी उभी राहते आणि पुढचा माल अडतो. कंपनीकडून आमचे पैसे यायलाच दीड-दोन महिने सहज लागतात.

---

खलबत्ता | ११ डिसेंबर, सकाळी ८:५०

यावर तुमच्या दोघांचं कधी जुळणार नाही, आणि दोघांचंही थोडं खरं आहे. मी पोच घेण्यावर भर देतो. सेल्समन पिशवी घेऊन जातो तेव्हा चलानाच्या दुसऱ्या प्रतीवर त्याची सही, तारीख आणि मोजलेल्या स्ट्रिपचा आकडा. "माल मिळाला" एवढं पुरत नाही. ६० दिवसांनी त्याच चलान नंबरवर आठवण द्यायची. कापायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या संबंधांवर.

---

तालुका_मेडिकल | ११ डिसेंबर, रात्री ९:४०

दोन बॅचवाली यादी काढली, ६३ औषधं निघाली. आज २० मोजली, त्यातल्या ७ मध्ये बॅच उलटसुलट. एकात तर आधी संपणारी बॅच खोक्याच्या तळाशी आडवी पडली होती, ०१/२०२६ ची, ९ स्ट्रिप, आणि वरून आम्ही ०८/२०२७ ची विकत होतो. ती पॅरासिटामॉल आहे, माणूस दोन-तीन दिवसांचीच नेतो, त्यामुळे २५ जानेवारीपर्यंत विकता येईल ना?

---

खलबत्ता | ११ डिसेंबर, रात्री १०:००

येईल. पण अख्खी स्ट्रिप घरात ठेवायला नेणाऱ्याला ती देऊ नका, त्याला २०२७ ची द्या. तापाने आलेल्याला सुट्या गोळ्या याच बॅचच्या, छाप नसलेल्या टोकाकडून कापून. मात्र कापलेली स्ट्रिप परत जात नाही, म्हणून एका वेळी एकच कापा. १५ जानेवारीला मोजा, अख्ख्या राहिल्या असतील त्या परतीच्या खोक्यात.

---

तालुका_मेडिकल | ११ डिसेंबर, रात्री १०:०५

यातल्या तीनवर मुलाने पेनाने किंमत लिहून ठेवली आहे.

---

साखळीतला_दुवा | ११ डिसेंबर, रात्री १०:१२

मग आधी त्याच तीन कापा.